धंद्याचं नाव बदलतोय, नेहमीच्या कस्टमरना कसं सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धंद्याचं नाव बदलायचं ठरलं की सगळा वेळ लोगो, बोर्ड आणि रंगात जातो आणि कस्टमरला पाठवायचा मेसेज शेवटच्या रात्री घाईत लिहिला जातो. इथे फक्त त्या मेसेजबद्दल बोलूया. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच धंदा धरलाय: घरोघरी जाऊन पाणी शुद्ध करायच्या मशीनची सर्व्हिस करणारा. वर्षाचा कॉन्ट्रॅक्ट, ठराविक महिन्यांनी फिल्टर बदलायला येणारा माणूस आणि कस्टमरच्या फोनमध्ये सेव्ह असलेला एक नंबर. तुमचा धंदा वेगळा असेल, पण अडचणी याच येतात.

नाव बदललं एवढंच तर सांगायचंय, एक पोस्ट टाकली की झालं ना?

नाही होत. कारण तुम्ही सांगताय "आमचं नाव बदललं" आणि समोरचा ऐकतो "यांचं काहीतरी बिनसलंय". मालक बदलला असेल, धंदा विकला असेल, आता रेट वाढवतील, आपला नेहमीचा माणूस गेला असेल, असं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन जातं. आणि नेहमीच्या कस्टमरला हे जास्त वाटतं, नवीन माणसाला जुनं नावच माहीत नसतं त्यामुळे त्याला काही फरक पडत नाही. म्हणजे हा मेसेज मुळात जुन्या माणसांसाठी आहे, आणि त्यात नवीन नावापेक्षा काय बदललेलं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे. नाव एका ओळीत सांगून होतं, बाकीचा मेसेज त्या भीतीला उत्तर म्हणून लिहायचा.

मग पहिली ओळ काय लिहायची?

जुनं नाव आधी, नवीन नाव नंतर, आणि तारीख. "अमुक नावाने तुम्ही आम्हाला ओळखता, 1 तारखेपासून आमचं नाव तमुक असेल." बस. बऱ्याच मेसेजची सुरुवात "आम्हाला कळवताना अत्यंत आनंद होत आहे की आमच्या प्रवासात एक नवीन पर्व" अशी असते, आणि फोनच्या नोटिफिकेशनमध्ये जेवढं दिसतं तेवढ्यात जुनं नावच येत नाही, मग माणसाला वाटतं कुठलीतरी जाहिरात आहे आणि तो न उघडताच बाजूला सारतो. जुनं नाव पहिल्या पाच-सहा शब्दांत आलंच पाहिजे, ओळख त्याच्यावरच पटते.

नाव का बदललं हे सांगायचं का? थोडं खाजगी कारण आहे.

सांगायचं, पण एका वाक्यात. कारण नाही सांगितलं तर लोक स्वतः कारण शोधतात आणि ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. पार्टनर वेगळे झाले असतील तर भांडण सांगायची गरज नाही, "आता धंदा मी एकटा बघतोय, टीम तीच आहे" एवढं पुरतं. जुनं नाव दुसऱ्या कोणाच्या नावासारखं होतं म्हणून गोंधळ व्हायचा, किंवा जुन्या नावात एकच काम येत होतं आणि आता तुम्ही तीन कामं करता, हीसुद्धा चांगली कारणं आहेत. फक्त जे लिहाल ते खरं असू द्या. "तुमच्या मागणीमुळे नाव बदललं" असं कधीच लिहू नका, कारण वाचणाऱ्याला माहीत असतं की त्याने अशी मागणी केलेली नव्हती.

"क्वालिटी तीच राहील" असं लिहिलं तर चालेल ना?

लिहून बघा आणि स्वतःच कस्टमर म्हणून वाचा. ज्याची क्वालिटी उतरलीय तोही हेच वाक्य लिहितो, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही. क्वालिटी म्हणजे कस्टमरच्या डोळ्यासमोर असलेल्या तीन-चार गोष्टी असतात, त्या नावानिशी सांगायच्या. आपल्या उदाहरणात: सर्व्हिसला येणारा माणूस तोच आहे, फिल्टर त्याच कंपनीचा लावतो, काढलेला जुना फिल्टर आधीसारखाच तुम्हाला दाखवू, आणि फोन केल्यावर दोन दिवसांत येतो ते तसंच राहील. यातलं प्रत्येक वाक्य कस्टमर पुढच्या व्हिजिटला स्वतः तपासू शकतो, म्हणून त्यावर विश्वास बसतो.

आणि याच्या उलटही तेवढंच खरं. एखादी गोष्ट खरंच बदलणार असेल, समजा फिल्टर दुसऱ्या कंपनीचा येणार आहे, तर ते याच मेसेजमध्ये सांगा. "सगळं तेच" म्हणून नंतर दाराशी वेगळा बॉक्स उघडला तर त्या एका बॉक्समुळे तुमची बाकीची खरी वाक्यंही खोटी ठरतात. जमत असेल तर मी तर म्हणेन असे बदल नाव बदलण्याच्या तीन-चार महिने आधी किंवा नंतर करा, सोबत नको.

रेटबद्दल काय लिहायचं? पुढे कधीतरी वाढवावे लागणारच आहेत.

म्हणून "रेट कधीच वाढणार नाहीत" असं लिहायचं नाही, आणि "सध्या रेट तेच आहेत" असंही नाही, कारण त्या "सध्या"मध्ये सगळ्यांना धोका दिसतो. तारीख द्या. "नाव बदलल्यामुळे कुठलाही रेट बदललेला नाही. आत्ताचं रेट कार्ड अमुक तारखेपर्यंत तसंच राहील. चालू कॉन्ट्रॅक्ट ठरलेल्या रकमेतच पूर्ण होईल." यात तुम्ही स्वतःला बांधून घेताय, पण पाळता येईल तेवढंच. तारीख ठरवताना तुमचा माल कितीला पडतो आणि ते रेट तुमच्याकडे कधीपर्यंत पक्के आहेत ते आधी बघा.

रेट आणि नाव एकत्र आले की काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण नेटफ्लिक्सचं आहे. 2011 च्या जुलैमध्ये त्यांनी अमेरिकेत डीव्हीडी आणि ऑनलाईन बघण्याचे प्लॅन वेगळे केले, आणि दोन्ही हवं असणाऱ्याचं महिन्याचं बिल साधारण 60 टक्क्यांनी वाढलं. लोक आधीच चिडलेले. त्यात 18 सप्टेंबरला कंपनीने सांगितलं की डीव्हीडीवाला भाग आता क्विकस्टर या नव्या नावाने वेगळा होणार, म्हणजे दोन वेबसाईट, दोन अकाउंट, कार्डावर दोन बिलं. त्या घोषणेत रेटच्या गोंधळाबद्दल माफीही होती, पण माफी आणि नवीन नाव एकाच पत्रात आल्यामुळे वाचणाऱ्याला एवढंच कळलं की पैसे जास्त आणि वर कटकटही जास्त. वर ट्विटरवर क्विकस्टर नावाचं अकाउंट आधीपासूनच कोणा दुसऱ्याच माणसाचं होतं, म्हणजे नवीन नावाने शोधायला गेलेले लोक तिकडे पोचायला लागले. 10 ऑक्टोबरला, तीन आठवडे आणि एक दिवसानंतर, कंपनीने ते नाव रद्द केलं. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत त्यांचे अमेरिकेतले जवळपास 8 लाख कस्टमर कमी झाले, अर्थात त्यात रेटवाढीचा वाटा मोठा होता.

एवढ्या मोठ्या कंपनीला जे निस्तरता आलं नाही ते छोट्या धंद्याला कसं झेपेल? नाव आणि रेटवाढ यांच्यात अंतर ठेवा. आणि नाव जाहीर करण्याआधी त्या नावाचं अकाउंट आणि वेबसाईटचा पत्ता आपल्या हातात आहे ना ते बघा.

फोन नंबर तोच राहणार आहे, मग त्यात सांगण्यासारखं काय?

तेच सांगायचं! तो आकडा पूर्ण लिहायचा, "नंबर तोच आहे" एवढं पुरत नाही. माणूस आपल्या फोनमधल्या सेव्ह नंबरशी तो जुळवून बघतो आणि तिथे त्याची खात्री पटते.

नंबर बदलणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही एकदम बदलू नका. नाव नवीन आणि नंबरही नवीन म्हटल्यावर कस्टमरकडे तुम्हाला ओळखायला काहीच उरत नाही. बदलायलाच लागत असेल तर जुना नंबर चालू ठेवा आणि त्याच्यावरचे कॉल नव्याकडे वळवा.

मेसेज नवीन नावाच्या अकाउंटवरून पाठवायचा ना, तेवढीच पब्लिसिटी?

अजिबात नको. ही चूक मी सगळ्यात जास्त बघितलीय. अनोळखी नाव, अनोळखी फोटो, अनोळखी नंबर आणि मजकूर असा की "आम्ही तुमचे जुनेच सर्व्हिसवाले, आता आमचं नाव बदललंय". हा मेसेज फसवणूक करणाऱ्याच्या मेसेजसारखाच दिसतो, आणि शहाणा कस्टमर ब्लॉक करतो, आणि ते बरोबरच करतो. पहिली खबर कायम जुन्या नंबरवरून, जुन्या ईमेलवरून, जुनं नाव आणि जुना लोगो तसाच असताना जायला हवी. प्रोफाईलचं नाव आणि फोटो ठरलेल्या तारखेला बदला, त्याच्या आधी नाही.

पैसे भरताना स्क्रीनवर वेगळं नाव दिसलं तर लोक थांबतात, त्याचं काय करायचं?

लोक थांबतात हे चांगलं आहे, त्यांना पुढे ढकलू नका, उत्तर द्या. आधी स्वतः एक छोटी रक्कम भरून बघा आणि पैसे देणाऱ्याच्या स्क्रीनवर नेमकं कुठलं नाव येतं ते अक्षर न् अक्षर लिहून घ्या. पुष्कळदा बोर्डावरचं नाव वेगळं, बिलावरचं वेगळं आणि बँकेच्या खात्याचं तिसरंच असतं, कारण खातं मालकाच्या किंवा नोंदणी केलेल्या नावाने असतं आणि ते बदलायला वेगळी कागदपत्रं लागतात. मग मेसेजमध्ये सरळ लिहायचं की "पैसे भरताना तुम्हाला हे नाव दिसेल, आणि ते बरोबर आहे."

आता याच्या पुढचं वाक्य, जे बहुतेक जण विसरतात. धंद्याचं नाव बदलतंय हे कळलं की फसवणारे त्याचा फायदा घेतात, "आमचं नाव बदललं तसं खातंही बदललंय, आता इथे पैसे पाठवा" असा मेसेज तुमच्या नावाने जातो आणि कस्टमरला तो पटतो कारण नाव खरंच बदललेलं असतं. म्हणून आधीच लिहून ठेवा: "आमचं बँक खातं बदललेलं नाही. खातं बदलल्याचा मेसेज किंवा ईमेल आला तर पैसे पाठवू नका, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून आम्हाला विचारा." यातले "आधीपासून असलेल्या" हे शब्द काढू नका, त्या खोट्या मेसेजमध्येही एक नंबर दिलेला असतोच.

आणि खातं खरोखर बदलणार असेल तर ते नावाच्या मेसेजमध्ये कोंबू नका. दोन महिने जाऊ द्या, मग मोठ्या कस्टमरना फोन करून सांगा.

सगळं मिळून मेसेज कसा दिसेल?

आपल्या मशीनवाल्यांचा असा होईल, कंसात तुमची माहिती भरा:

"नमस्कार, (जुनं नाव) मधून (तुमचं नाव) बोलतोय. (तारीख) पासून आपल्या सर्व्हिसचं नाव (नवीन नाव) होतंय. जुन्या नावात फक्त फिल्टर होतं, आता आपण पूर्ण मशीनचं काम करतो, म्हणून बदललं. मालक तेच, सर्व्हिसला येणारी माणसंही तीच. फिल्टर त्याच कंपनीचा. रेट बदललेले नाहीत, आत्ताचं रेट कार्ड (तारीख) पर्यंत राहील आणि तुमचा चालू कॉन्ट्रॅक्ट आहे तसाच पूर्ण होईल. फोन नंबर तोच: (पूर्ण नंबर). पैसे भरताना (खात्याचं नाव) दिसेल. खातं बदललेलं नाही, तसं कोणी कळवलं तर पैसे पाठवू नका, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. तुम्हाला काहीही करायची गरज नाही, फक्त नंबर नवीन नावाने सेव्ह करून ठेवा."

"तुम्हाला काहीही करायची गरज नाही" हे वाक्य मला फार आवडतं. अर्ध्या लोकांचा खरा प्रश्न तोच असतो, की आता मला काही फॉर्म भरावा लागणार का.

आधी कोणाला सांगायचं?

आपल्या माणसांना. फोन उचलणाऱ्याला आणि दाराशी जाणाऱ्याला कस्टमरच्या आधी माहीत पाहिजे, नाहीतर कस्टमर विचारतो आणि तुमचाच माणूस म्हणतो "मला पण काल कळलं". तिथे सगळा मेसेज पाण्यात. त्यानंतर ज्यांचं काम अर्धवट आहे किंवा ज्यांनी आधीच पैसे भरलेत ते, त्यांना मेसेज नाही, फोन. मग बाकी नेहमीचे, तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा आणि त्या दिवशी पुन्हा एकदा. जाहीर पोस्ट सगळ्यात शेवटी.

ज्यांच्याकडे जुन्या नावाचं गॅरंटी कार्ड किंवा पावती आहे त्यांचं?

फक्त नाव बदललंय आणि धंदा तोच आहे तर जुनं कार्ड तसंच चालतं, ते लेखी लिहून द्या: "जुन्या नावाची पावती, गॅरंटी कार्ड आणि कॉन्ट्रॅक्ट मुदत संपेपर्यंत वैध." नवीन कार्ड घ्यायला बोलावू नका, काही लोक येणार नाहीत आणि मग त्यांना वाटेल आपली गॅरंटी गेली. पण नावाबरोबर नवीन कंपनी उभी केली असेल तर गोष्ट वेगळी आहे, जुन्या करारांची जबाबदारी नवीन कंपनी घेतेय का हे आधी कागदावर ठरलं पाहिजे, त्यासाठी वकिलाला किंवा अकाउंटवाल्याला विचारा आणि त्यानंतरच हे वाक्य लिहा.

वेबसाईट, ईमेल आणि गुगल मॅप्सचं काय करायचं?

वेबसाईटचा पत्ता बदलत असेल तर जुन्यावरून नवीनवर कायमचं वळण लावायचं असतं, वेबसाईटवाल्याला 301 रिडायरेक्ट म्हणा, त्याला कळतं. फक्त त्याला हे नक्की सांगा की जुनं प्रत्येक पान त्याच्या नवीन पानावर गेलं पाहिजे, सगळं होम पेजवर नको. कस्टमरने सर्व्हिस बुक करायची लिंक सेव्ह केलेली असते आणि तो भलत्याच पानावर पोचला की त्याला वाटतं बुकिंग बंद झालं. गुगलचा सल्ला आहे की हे वळण निदान एक वर्ष तरी ठेवा. माझं म्हणणं, जुना पत्ता त्यापुढेही दरवर्षी रिन्यू करत राहा. तो सोडलात तर दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि मग तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारे ईमेलही त्याच्याकडे जाऊ शकतात.

ईमेल जुन्यावरून नव्याकडे फॉरवर्ड करा. नवीन पत्त्यावरून पहिल्याच दिवशी हजार लोकांना ईमेल पाठवलात तर बरेच स्पॅममध्ये जातील, कारण त्या डोमेनला अजून कोणी ओळखत नाही. ईमेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे दाखवणाऱ्या SPF आणि DKIM या सेटिंग वेबसाईटवाल्याकडून करून घ्या आणि थोडे थोडे पाठवा.

गुगल मॅप्सवर नवीन पेज बनवू नका, जुन्याच पेजवर नाव बदला म्हणजे जुने रिव्ह्यू सोबत राहतात. गुगल कधीकधी पुन्हा व्हेरिफिकेशन मागतं, म्हणून थोडे दिवस हाताशी ठेवा आणि नव्या नावाचा बोर्ड आणि कागद तयार ठेवा.

"पूर्वीचं अमुक" असं किती दिवस लिहायचं?

तुमचा सगळ्यात कमी येणारा नेहमीचा कस्टमर किती दिवसांनी येतो त्यावर. रोज येणारे असतील तर तीन महिने खूप झाले. मशीनवाल्यांकडे काही लोक वर्षातून एकदाच फोन करतात, मेसेज त्यांनी वाचलेलाही नसतो, म्हणजे त्यांच्यासाठी निदान सव्वा वर्ष बिलावर, गणवेशावर आणि वेबसाईटवर जुनं नाव नवीनच्या खाली छोट्या अक्षरात पाहिजे. दाराशी येणाऱ्या माणसाच्या ओळखपत्रावर तर नक्कीच, अनोळखी नावाच्या माणसाला घरात कोण घेईल?

मालकच बदललाय, मग "सगळं तेच आहे" कसं लिहू?

नाही लिहायचं. मालक बदलला हे मेसेजच्या दुसऱ्या ओळीतच सांगा, आणि जुने मालक तयार असतील तर त्यांच्याच नंबरवरून, त्यांच्याच शब्दांत चार ओळी जाऊ द्या की धंदा मी यांना दिलाय आणि चालू कॉन्ट्रॅक्ट ते पूर्ण करतील. लपवलेलं बाहेर येतंच, आणि ते बिलावरून कळलं तर जास्त लागतं.

मेसेज पोचला की नाही हे कसं कळणार?

लाईक मोजू नका. फोनजवळ एक वही ठेवा आणि पहिले दोन महिने नावाबद्दलचा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहा. "बंद झालात का?", "विकलंत का?", "हा नंबर तुमचाच ना?" एकच प्रश्न चार-पाच वेळा आला की मेसेजमध्ये ते उत्तर नव्हतं किंवा फार खाली होतं असं समजा, आणि दुसऱ्या मेसेजमध्ये ते वर आणा. मशीनवाल्यांना समजा पहिल्या आठवड्यात बारा फोन आले आणि त्यातले सात "माझा कॉन्ट्रॅक्ट चालू आहे ना" असे होते, तर पुढच्या मेसेजची दुसरी ओळ तीच व्हायला हवी.

दुसरी खूण गप्प लोकांची. ज्यांची सर्व्हिसची तारीख उलटून गेली आणि ज्यांनी फोनच केला नाही त्यांची यादी काढा, मागच्या वर्षी याच महिन्यात अशी किती नावं होती ती शेजारी लिहा. यावर्षी जास्त असतील तर त्यातल्या दहा जणांना फोन लावा आणि जुनं नाव सांगून बोलायला सुरुवात करा.

कोणी अजून जुन्याच नावाने फोन केला तर दुरुस्त करायचं का?

नाही. "हो, बोला, आम्हीच" म्हणायचं, आधी त्यांचं काम ऐकून घ्यायचं, तारीख द्यायची, आणि फोन ठेवताना सांगायचं की येणाऱ्या माणसाच्या शर्टावर नवीन नाव असेल.